साबणाचा फेस आणि चेहऱ्याचा फेइस: इंग्रजीतले सरकते स्वर मराठी तोंडात कसे बसवायचे

साबणाचा फेस आणि इंग्रजीतला चेहऱ्याचा फेस, हाताचं बोट आणि पाण्यातली बोट, डोक्यावरचे केस आणि कोर्टातली केस, धरलेला नेम आणि फॉर्मवर लिहायचं नेम, गडाचा कोट आणि अंगात घालायचा कोट. या जोड्या मोठ्यानं म्हणून बघा. आपल्यापैकी जवळजवळ सगळे जोडीतले दोन्ही शब्द अगदी एकसारखे म्हणतात, आणि मराठी बोलताना त्यात काहीच चुकीचं नाही, ते इंग्रजी शब्द आता आपलेच झालेत. पण अमेरिकन किंवा लंडनकडचा माणूस जोडीतला दुसरा शब्द म्हणेल तेव्हा त्याच्या तोंडातला स्वर जागेवर थांबत नाही, एका ठिकाणी सुरू होतो आणि दुसरीकडे सरकतो. ते सरकणं नक्की काय असतं, ते करायचं कसं, जमलं की नाही हे कसं ओळखायचं, आणि कुठे अजिबात करायचं नाही, एवढंच या लेखात बघू.

लिहायच्या सोयीसाठी मी इंग्रजी उच्चार फेइस, बोउट, केइस, नेइम असे लिहिणार आहे. यातला इ आणि उ वेगळा म्हणायचा नाहीये, तो फक्त स्वर कुठल्या दिशेला सरकतो ते दाखवायला आहे.

आधी आपला ए आणि आपला ओ कसा आहे ते नीट बघू. आरशासमोर उभं राहून 'ए' लांबवा, तीन-चार सेकंद. जबडा हलत नाही, जीभ हलत नाही, ओठ हलत नाहीत, पहिल्या क्षणी जो आवाज होता तोच शेवटपर्यंत. 'ओ'चंही तेच, ओठांचा गोल एकदा झाला की तसाच राहतो. म्हणजे हे शुद्ध, एकजागी स्वर. शाळेच्या व्याकरणात मात्र ए, ऐ, ओ, औ हे चारही 'संयुक्त स्वर' म्हणून शिकवलेले असतात, अ आणि इ मिळून ए, अ आणि उ मिळून ओ, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की आपल्या ए मध्ये आधीच दोन स्वर आहेत. ती विभागणी संस्कृतातून आली आहे आणि संधी समजायला ती बरोबरच आहे, देव आणि इंद्र मिळून देवेंद्र, महा आणि उत्सव मिळून महोत्सव. पण आज आपण तोंडानं जो ए आणि ओ म्हणतो तो एकच स्वर आहे. आजच्या मराठीत खरंच सरकणारे स्वर आहेत ते ऐ आणि औ. पैसा, मैदान, गौरी, कौल हे शब्द हळू म्हणून बघा, अ पासून इ कडे आणि अ पासून उ कडे जीभ जाताना स्पष्ट जाणवेल.

आता याची गरज किती, हेही सांगतो. शुद्ध ए आणि शुद्ध ओ वापरून इंग्रजी बोलणं हे अडाणीपणाचं लक्षण अजिबात नाही. स्कॉटलंडमध्ये, वेल्सच्या बऱ्याच भागात आणि उत्तर इंग्लंडमध्ये जन्मापासून इंग्रजी बोलणारी माणसं फेस आणि बोट हे आपल्यासारखेच एकजागी स्वर लावून म्हणतात. खुद्द दक्षिण इंग्लंडमध्येसुद्धा हे स्वर सरकायला लागले ते साधारण 1800 च्या आसपास, त्याआधी तिथेही ते बरेचसे आपल्यासारखेच होते. त्यामुळे नुसतं 'फॉरेन' वाटावं म्हणून हे शिकायचं असेल तर मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती ए च्या बाबतीत जास्त आहे. इंग्रजीत ए च्या आसपास दोन वेगळे स्वर आहेत आणि देवनागरीत आपण दोन्हीला एकच मात्रा देतो. लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेइन, आपण दोन्ही 'पेन' लिहितो. मिळवणं या अर्थाचं गेट आणि फाटकाचं गेइट, ओलं या अर्थाचं वेट आणि थांबायचं वेइट, परीक्षेची टेस्ट आणि चवीची टेइस्ट, विकणं म्हणजे सेल आणि विक्रीचा सेइल, मिऱ्याचं पेपर आणि वाचायचा पेइपर. लिहिताना एक, म्हणून बोलतानाही एक. स्कॉटिश माणसाचं हे बिघडत नाही कारण त्याचा पेन मधला ए वेगळा आणि पेइन मधला वेगळा असतो, सरकत नसला तरी. आपल्याकडे मात्र दोन्ही एकाच जागी येऊन बसतात आणि ऐकणाऱ्याला वाक्याच्या संदर्भावरून अंदाज करावा लागतो. फोनवर, मुलाखतीत, पेशंटशी बोलताना हा अंदाज चुकू शकतो. म्हणून मी शिकवताना सरकता स्वर आणि तो आखूड ए हे दोन्ही बरोबरच घेतो, एकटा सरकता स्वर शिकून अर्धंच काम होतं.

पहिली पायरी, ए सरकवणे

यासाठी नवीन काही शिकायचं नाही, मराठीतच सामान आहे. 'पेय' आणि 'देय' हे शब्द घ्या. शीतपेय म्हणताना, देय रक्कम म्हणताना शेवटच्या य मधला अ आपण जवळजवळ म्हणतच नाही, पेय्, देय् असं होतं. आता नुसतं 'पेय्' म्हणा, य ला अगदी हलकं सोडा, जिभेनं वर जायला निघावं पण टाळूपर्यंत पोचायच्या आधीच आवाज थांबवावा. हा झाला पगाराचा 'पेइ'. देय् वरून दिवसाचा 'डेइ' (फक्त द च्या जागी ड घ्या).

यात तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिला भाग जोरात आणि लांब, दुसरा भाग हलका आणि आखूड, साधारण तीन हिस्से ए आणि एक हिस्सा सरकणं असं धरा. दुसरं म्हणजे मध्ये तोडायचं नाही. पे आणि ई असे दोन ठोके पडले तर ते चुकलं. टेबलावर बोटानं ठोका देऊन म्हणा, एका शब्दाला एकच ठोका यायला हवा. 'घेई', 'देई' मध्ये दोन ठोके असतात, 'डेइ' मध्ये एकच. तिसरं, सुरुवात थोडी मोकळ्या तोंडानं करा. आपला ए जरा वरच्या बाजूला, ई च्या जवळ असतो, आणि तिथूनच निघालात तर सरकायला जागाच उरत नाही. हनुवटीखाली बोट ठेवून बघा, पेय् च्या शेवटी जबडा किंचित वर आलेला जाणवला पाहिजे.

इथे एक मोठा खड्डा आहे, तो म्हणजे ऐ. कुणी सांगितलं की इंग्रजी स्वर सरकतो, की पहिला मोह होतो तो 'फैस', 'डै' असं म्हणायचा. ते करू नका. मराठी ऐ अ पासून निघतो, म्हणजे बराच मागून आणि मोकळ्या तोंडातून, त्यामुळे 'पैन' म्हटलं की ऐकणाऱ्याला चीडच्या झाडाचा 'पाइन' वाटतो आणि 'डै' म्हटलं की मरण्याचं 'डाय'. (ऑस्ट्रेलियात दिवसाचा शब्द बराच तसा ऐकू येतो हे खरं, पण त्यांचे बाकीचे स्वरही त्या हिशोबानं सरकलेले असतात, आपण एकटाच उचलला तर गोंधळ होतो.) आणखी एक, हिंदीतून इंग्रजी उच्चार शिकवणारे व्हिडिओ बघत असाल तर लक्षात ठेवा की हिंदीवाल्यांचा ऐ आपल्यासारखा सरकत नाही. ते 'पैसा' मधला ऐ एकजागी म्हणतात, आपल्या ॲ च्या जवळपास, म्हणूनच ते बँकला बैंक लिहितात. त्यांच्या ऐ च्या सूचना आपल्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

दुसरी पायरी, आखूड ए

आता पेन. पेनचा ए आपल्या ए पेक्षा आखूड आणि थोडा मोकळा, ए आणि ॲ च्या मध्ये कुठेतरी. 'ॲ' म्हणायला तोंड उघडा, मग अर्ध्यावर बंद करून झटकन 'पेन' म्हणा, आणि लगेच न वर या. अजिबात लांबवायचं नाही, अजिबात सरकवायचं नाही. मग जोडी लावा: पेन, पेइन. गेट, गेइट. वेट, वेइट. टेस्ट, टेइस्ट. सुरुवातीला फरक मुद्दाम मोठा करा, विचित्र वाटलं तरी चालेल, नंतर तो आपोआप आटोक्यात येतो. उलटं होत नाही, बारीक फरकानं सुरू केलं तर तो दोन दिवसांत पुसला जातो आणि परत सगळं 'पेन' होतं.

तिसरी पायरी, ओ सरकवणे

इथे आधी ठरवायला लागतं की अमेरिकन वळण घ्यायचं की ब्रिटिश, कारण ए च्या बाबतीत दोघांचं बरंचसं सारखं आहे पण ओ ची सुरुवातच वेगळी आहे.

अमेरिकन बोउट आपल्या ओ च्या जवळून निघतो आणि उ कडे जातो. यासाठी 'कोवळा' आणि 'भोवती' हे शब्द घ्या. बोलताना कोव्-ळा, भोव्-ती असं होतं आणि तो व् दाताला न लागता नुसत्या ओठांनी होतो. नुसतं 'कोव्' म्हणा, व् हलका सोडा, आणि पुढे ट जोडा, झाला अंगातला 'कोउट'. आरशात बघा, ओठांचा गोल शेवटी आणखी लहान झाला पाहिजे. दात खालच्या ओठाला लागला तर ते 'कोव्ह' व्हायला लागतं, ते नको.

ब्रिटिश, म्हणजे दक्षिण इंग्लंडकडचा शिकवण्यातला उच्चार, ओ पासून निघतच नाही. तो मधल्या अ पासून निघतो, ओठ सैल, आणि मग उ कडे जातो. आता हे कशासारखं आहे? आपल्या औ सारखं. गौरी मधला औ, कौल मधला औ. म्हणजे ए साठी जो ऐ आपल्याला बुडवतो त्याचाच भाऊ औ इथे चक्क कामाला येतो, मला तरी हे फार आवडतं. गौरी म्हणताना जो 'गौ' निघतो तो ब्रिटिश माणसाच्या जाण्याच्या 'गोउ' च्या खूप जवळचा आहे. अट एकच, सुरुवात अ वरच राहिली पाहिजे. ती आ कडे घसरली की बोट जाऊन 'बाउट' होतं, बॉक्सिंगच्या लढतीचा शब्द. आणि अमेरिकन ऐकणाऱ्यासमोर हा औ थोडा जपून वापरा, तो त्यांना परका वाटतो.

माझं मत विचाराल तर मराठी माणसाला अमेरिकन ओउ जास्त लवकर बसतो कारण सुरुवात ओळखीच्या ओ वर आहे. पण काम, नातेवाईक, परीक्षा जिथली असेल तिथलं वळण घ्या आणि दोन्ही मिसळू नका.

ओ च्या बाबतीत अर्थाचा घोटाळा कमी होतो, कारण बाजूचा स्वर आपण ऑ लिहून आधीच वेगळा केलाय: हॉल आणि होल, कॉल्ड आणि कोल्ड, लॉ आणि लो. एक जोडी मात्र खरंच तपासा, 'हवंय' या अर्थाचं वाँट आणि 'करणार नाही' या अर्थाचं वोउन्ट. दुसऱ्यातला ओ नीट गोल करून सरकवला नाही तर नकाराचा होकार होतो.

चौथी पायरी, जमलं का ते तपासणे

आपल्या कानावर इथे विश्वास ठेवता येत नाही, कारण कानाला लहानपणापासून ए म्हणजे ए एवढंच शिकवलंय. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे, रेकॉर्डिंग उलटं वाजवायचं. कॉम्प्युटरवर Audacity हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, मराठी 'ए' एकटा रेकॉर्ड करा, सिलेक्ट करा आणि Effect मेनूमधलं Reverse लावा. शुद्ध स्वर उलटा केला तरी तसाच ऐकू येतो. आता इंग्रजी मुळाक्षरातला पहिला 'एइ' रेकॉर्ड करून उलटा करा. सरकणं खरंच झालं असेल तर 'ये' ऐकू येईल. 'ओउ' उलटा केला तर 'वो' ऐकू येईल. 'ए' च ऐकू आला तर जीभ हललीच नाही. आणि उलट केल्यावर ठणठणीत 'ई-ए' असे दोन तुकडे ऐकू आले तर तुम्ही दुसरा भाग फार जोरात म्हणताय.

डोळ्यांनी बघायचं असेल तर Praat घ्या. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं, हेही फुकट. New मेनूमध्ये Record mono Sound... घ्या, Record, बोला, Stop, मग Save to list. यादीत आलेलं रेकॉर्डिंग निवडून View & Edit दाबा आणि Formants मेनूमधून Show formants चालू करा. लाल ठिपक्यांच्या आडव्या रेघा दिसतील, त्यातल्या खालच्या दोनच आपल्या कामाच्या. Formant settings... मध्ये वरची मर्यादा पुरुषाच्या आवाजाला 5000 आणि बाईच्या आवाजाला 5500 हर्ट्झ ठेवा, नाहीतर ठिपके इकडेतिकडे उडतात.

कुठला शब्द रेकॉर्ड करायचा हे महत्त्वाचं आहे. केस, बोट, नेम असे शब्द घेतले तर आधीचं आणि नंतरचं व्यंजनच रेघा वाकवतं आणि शुद्ध स्वरसुद्धा सरकल्यासारखा दिसतो. म्हणून ह घ्या, ह ला स्वतःची जागा नसते, पुढच्या स्वराच्याच जागेवर तो म्हटला जातो. मराठी 'हे' (हे बघ मधलं) आणि वाळक्या गवताचं इंग्रजी 'हेइ'. मराठी 'हो' आणि खुरप्याचं इंग्रजी 'होउ'. चारही एका दमात न म्हणता मध्ये थांबून म्हणा.

'हे' मध्ये दोन्ही रेघा जवळजवळ सपाट दिसतील. 'हेइ' मध्ये सगळ्यात खालची रेघ शेवटाकडे आणखी खाली उतरेल, कारण तोंड मिटतंय, आणि दुसरी वर चढेल, कारण जीभ पुढे जातेय, म्हणजे दोघींमधलं अंतर शेवटाकडे वाढत जाईल. अमेरिकन 'होउ' मध्ये दोन्ही खाली उतरतात. ब्रिटिश केलात तर दुसरी रेघ बरीच वरून निघून खाली येते. आकड्यात अडकू नका, प्रत्येकाच्या आवाजाचे आकडे वेगळे असतात, रेघ सपाट आहे की तिरकी आणि तिरकी असेल तर कुठल्या बाजूला, एवढंच बघा. पूर्ण स्वरभर हळूहळू उतार दिसला तर उत्तम. बराच वेळ सपाट आणि मग एकदम पायरीसारखी उडी दिसली तर ते दोन तुकडे झालेत, पहिल्या पायरीवरचा ठोक्याचा सराव परत करा.

पाचवी पायरी, शब्दात बसवणे

सगळ्या शब्दांत स्वर सारखाच सरकत नाही आणि इथेच बरेच जण ओढून ताणून बोलायला लागतात. शेवटी काहीच व्यंजन नसेल तर स्वर सगळ्यात लांब आणि सरकणं सगळ्यात स्पष्ट: डेइ, पेइ, गोउ, नोउ. पुढे ड, ब, झ, न, म असं घोष व्यंजन असेल तरी बराच लांब: नेइम, रोउड, सेइव्ह. पण पुढे क, ट, प, स, फ आलं की स्वर एकदम आखडतो: फेइस, बोउट, सेइफ, रोउप. सरकणं तिथेही असतं, पण घाईत आणि लहान.

म्हणून सरावाचा क्रम हाच ठेवा, आधी डेइ, मग रेइड, मग रेइट. तसंच गोउ, रोउब, रोउप. याचा जास्तीचा फायदा असा की शेवटचं व्यंजन नीट ऐकू आलं नाही तरी स्वराच्या लांबीवरूनच ऐकणाऱ्याला कळतं की तुम्ही सेइव्ह म्हणालात की सेइफ.

एक वाक्य घेऊन बघू. 'वेइट ॲट द गेइट, द बोउट गोउज लेइट.' यात वेइट, गेइट, बोउट, लेइट हे चारही ट वर संपतात, म्हणून आखूड. एकटा 'गोउज' लांब. सगळे सारखे ओढले तर गाणं म्हटल्यासारखं वाटतं. त्याच्याच खाली आखूड ए चं वाक्य म्हणा, 'गेट द वेट पेन,' तो ओला पेन आण. दोन्ही वाक्यं रेकॉर्ड करा, आणि ज्याला इंग्रजी चांगलं ऐकायची सवय आहे अशा कुणाला तरी वाक्य न सांगता मधलेच शब्द सुटे ऐकवा. त्याला गेट की गेइट हे न चुकता सांगता आलं तर काम झालं. नाही आलं तर बहुतेक वेळा दोष सरकत्या स्वरात नसतो, आखूड ए लांबलेला असतो, तो आधी बघा.

कुठे सरकवायचं नाही

एकदा हे जमायला लागलं की जिथे ए दिसेल तिथे सरकवायची हौस येते. पण आपण मराठीत ए किंवा ओ लिहितो म्हणजे इंग्रजीत तिथे हा स्वर असतोच असं नाही. 'क्लायमेट', 'प्रायव्हेट', 'चॉकलेट', 'सर्टिफिकेट' या शब्दांच्या शेवटी इंग्रजीत ए नाहीच, जोर नसलेला एक पुसट अ किंवा इ आहे, क्लायमट, प्रायव्हट, सर्टिफिकट असं काहीसं. 'लगेज', 'व्हिलेज', 'डॅमेज' यांचा शेवट इज सारखा. 'एस्टिमेट' हा शब्द तर दोन्हीकडे आहे, अंदाज करणे हे क्रियापद असेल तर शेवट मेइट, आणि अंदाज हे नाम असेल तर पुसट मट.

'तो म्हणतो' साठीचा शब्द स्पेलिंग बघून आपण सेज म्हणतो, पण त्यात आखूड ए आहे, सेझ, आणि 'म्हणाला' चा सेड पण तसाच. सरकवला तर दोन्ही चुकतात. पुढे र असेल, म्हणजे भाड्याचं फेअर किंवा चारचं फोर, तिथेही हे दोन स्वर नाहीत, उगाच इ-उ घुसवू नका. आणि ल च्या आधी, गोल, कोल्ड अशा शब्दांत, जीभ ल साठी मागे जात असल्यामुळे ब्रिटिश उच्चारातसुद्धा अ पासूनची सुरुवात नाहीशी होते आणि स्वर ऑ च्या जवळून निघतो. तिथे औ लावून 'गौल' म्हटलं तर विचित्र वाटतं, त्यामुळे ब्रिटिश वळण घेतलेल्यांनीसुद्धा ल च्या आधी आपला साधा ओ ठेवून थोडेसे ओठ आवळावेत.